दोन घरांची एक फरशी

सोजरबाईंचा आवाज वारज्याच्या आमच्या वस्तीत भोंग्याच्या जागी चालतो. पाणी आलं, डॉक्टर आले, कुणाचं पोर दहावीला नापास झालं, सगळं त्यांच्याकडूनच कळतं. बचतगटाच्या बायकांनी वस्तीचा सर्व्हे केला तेव्हा घरांची मापं घ्यायला टेप होती, तरी बाई आधी हाताने मोजायच्या आणि मग म्हणायच्या, "बरोबर आहे टेप."

त्यांच्या नि शेजारच्या हिराबाईंच्या दारापुढे मिळून एकच शहाबादी फरशी होती. एकतीस वर्षं दोघी संध्याकाळी तिच्यावर बसून मेथी निवडत आणि वस्तीला नावं ठेवत. मधली भिंत पत्र्याची. रात्री हिरा खोकली की सोजरबाई इकडून ओरडायच्या, "हळद घेतलीस का?"

दोन हजार नऊमध्ये सरकारी योजना आली. पक्की घरं तशीच राहणार, पत्र्याची पाडून त्याच जागी नवी, कुणालाही वस्तीबाहेर जावं लागणार नाही. मात्र सोजरबाई, हिरा आणि पलीकडची नंदा यांच्या जागा जेमतेम शंभर-सव्वाशे फुटांच्या. एकेकीला दोनशे सत्तर फुटांचं घर हवं, तर तिघींनी जागा एकत्र करून वर चढायचं. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येकीला एक.

आर्किटेक्ट शेफालीने शाळेच्या पटांगणात बांबू रोवले आणि बायकांनी साड्या बांधून खऱ्या मापाचं घर उभं केलं. सोजरबाई नऊवारी खोलीत शिरल्या, पाचवारी स्वयंपाकघरात वळल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "भिंती छान आहेत, धुवायला टाका."

कोण कुठल्या मजल्यावर, हे तिघींनीच ठरवायचं होतं. सोजरबाईंनी एका दमात ठरवून टाकलं. "सर्व्हे मी केला, गुडघेही माझे. मी खाली. नंदा मध्ये. हिरा, तू काटकुळी, तू वर."

हिराबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत, हे एकतीस वर्षं सोजरबाईंच्या सोयीचंच होतं. कागदावर तिघींनी सह्या केल्या.

घरं पाडली. बांधकाम होईतो ज्याने त्याने आपापली सोय करायची होती. सोजरबाईंनी गल्लीच्या टोकाला खोली घेतली, जाताना फरशी हमालाकडून उचलून नेली आणि पलंगाखाली ठेवली. हिराबाई वाकडला मुलाकडे, आयुषकडे गेल्या. तो हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता.

चौदा महिन्यांनी शेवटचा स्लॅब टाकून झाला, दारं बसली. सोजरबाईंनी फोन केला. "कधी येतेस गं?"

"इथं लिफ्ट आहे," हिराबाई म्हणाल्या. "दोन मजले माझ्याच्याने चढवत नाहीत, सोजर. तेव्हाही चढवले नसते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतीस."

त्या दिवशी वस्तीत कसलीच बातमी कळली नाही. पाणी येऊन गेलं, लोकांना पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी बाई शेफालीसमोर उभ्या. "मजला बदलता येतो का?"

"काकू, तीनही घरं सेम आहेत. तिघींची संमती असेल तर चालेल. तुमचं नाव लिस्टमध्ये तळमजल्यावर आहे, पण अजून ताबा दिलेला नाही. आजच नवं संमतीपत्र करू."

"कर. वरचं माझं."

"आणि तुमचे गुडघे?"

"त्यांना कोण विचारतंय?"

नंदाची सही घेऊन, दोन बस बदलून बाई वाकडला पोचल्या. लिफ्टमध्ये आरशात स्वतःला बघून त्यांनी पदर नीट केला. हिराबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पाहुण्या असल्यासारख्या.

"तू वरून माझ्यावर लक्ष ठेवणार," कागद वाचून हिराबाई म्हणाल्या.

"मग काय, आयुषच्या लिफ्टने ठेवायचं?"

सही झाली. त्यानंतर बराच वेळ दोघी मेथीच्या भावावर बोलत राहिल्या.

आता फरशी हिराबाईंच्या दारापुढे आहे. सोजरबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. वारा मस्त, खिडकीतून डोंगर दिसतो, स्वतःचा संडास आहे. आल्यागेल्याला त्या सगळं हौसेने दाखवतात. एकच गोष्ट सांगत नाहीत. मधल्या जाड भिंती आणि दोन स्लॅब ओलांडून हिराचा खोकला वर पोचत नाही. अंथरुणावर पडलं की त्या कान देऊन वाट बघतात, आणि शांतता भरल्या घरात बोचते.

पाच वाजले की बाई मोरीतल्या पाइपावर उलथन्याने दोनदा वाजवतात. पाइप तिन्ही घरांतून जातो. खालून दोन टोले येतात. मधून नंदा ओरडते, "अहो, मधे माणसं राहतात!"

मग सोजरबाई कठड्याला धरून, एकेका पायरीला शिव्या घालत, मेथीची जुडी काखेत मारून खाली निघतात. पोचेपर्यंत पावणेसहा होतात. हिराबाई फरशीची अर्धी बाजू पदराने पुसून ठेवतात.