स्क्रीनभर न आलेली जाहिरात

अकोल्याच्या कृषी दुकानातला डेमो गुरुवारी दुपारी फसला. लॉक असलेल्या फोनवर कीटकनाशकाची जाहिरात स्क्रीनभर उघडायची होती. आली ती साधी, छोटी नोटिफिकेशन.

जाहिरात ज्यातून दाखवायची होती, ते संत्र्याच्या भावाचे ॲप मी अमरावतीच्या ऑफिसात लिहिले होते. जाहिरातीला स्क्रीन मिळणार नाही, हे सांगितल्यावर ऑफिसचे मालक सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुले काय समजते? प्ले स्टोअरचा फॉर्म भर अन् चूप बस."

मी भरला. अलार्मचे ॲप आहे का? नाही. कॉलचे? नाही. मालकांनी तो वाचला नाही, मी पुन्हा सांगितले नाही. अकोल्याला मात्र हौसेने सोबत गेलो.

"काहून नाही येऊन राहिलं बे?" मालकांनी विचारले.

"अँड्रॉइड चौदापासून स्क्रीनभर उघडायची परवानगी अलार्म-कॉलच्या ॲपलेच आपोआप भेटते, साहेब. बाकीच्यांसाठी शेतकऱ्याले स्वतः सेटिंगमध्ये जाऊन द्या लागते."

"जाहिरात पाहाले कोन देईन, भाऊ?" दुकानदार हसला.

त्याने जाहिरातीच्या करारावर सही केली नाही.