दहा हजारातले हातात

रूपाबाईनं बावीस हंगाम ऊस तोडला. तांड्यात कुणी विचारलं, की वर्षं नाही, ती कारखाने मोजायची. एका कारखान्यावर लेक पूजा जन्मली, दुसऱ्यावर गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, "बाई, आता वाकायचं बंद." ती हसली होती. वाकल्याशिवाय ऊस कुणाकडून तुटला आहे?

दोन हजार सात सालच्या जुलैत मात्र डॉक्टरचं म्हणणं खरं होईल असं वाटलं. मोठा लेक ओमप्रकाश बीकॉम होऊन हिंगोलीत एका बियाणे कंपनीच्या डेपोत लागला. पत्रावर लिहिलं होतं, एक ऑगस्टपासून हजर, वर्षाला एक लाख वीस हजार. तिच्या नवऱ्यानं, पूनमचंदनं, बोटांवर भागाकार केला, महिन्याला दहा हजार! त्यानं पत्राचा पहिला कागद हिंगोलीहून प्लास्टिकात मढवून आणला आणि कनेरगाव नाक्यावरच्या प्रत्येक हॉटेलात दाखवून घरात भिंतीवर लावला. मागचा, इंग्रजी रकान्यांचा कागद कुणाला दाखवण्यासारखा नव्हता, तो पेटीत गेला.

वाटणीही लगेच झाली. पूजाच्या नांदेडच्या नर्सिंग हॉस्टेलला साडेतीन हजार, ओमप्रकाशची खोली-खानावळ चार हजार, घराला अडीच.

"याडी, कोयता टांग आता," ओमप्रकाश आईला म्हणाला. तिनं तो खरंच आढ्याच्या खुंटीला टांगला. मुकादम हिरासिंग हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आला, तेव्हा पूनमचंदनं ती तोऱ्यात परत केली. "आमचं पोरगं साहेब झालं, आता आमी न्हाई येत."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ओमप्रकाश घरी आला, पण पायरीवरच बसून राहिला. रूपाबाईनं पाणी दिलं.

"पगार झाला का न्हाई?" बापानं विचारलं.

"झाला, बा. सात हजार सातशे पंचवीस."

पूनमचंदचा आवाज चढला. "मंग बाकीचे कुठं घातले? खोटं बोलून राहिला का तू?"

पोरानं पेटीतला मागचा कागद काढला, शेजारी पगाराची चिठ्ठी ठेवली. "दहा हजार म्हणजे माझा पगार नव्हता, बा. कंपनीला माझ्यापायी पडणारा सगळा खर्च होता. मूळ पगार पाच हजारच. घरभाडं भत्ता सतराशे, जाण्यायेण्याचे आठशे, आणखी एक भत्ता हजार. झाले साडेआठ."

"आन दीड हजार?"

"कंपनी माझ्या पीएफमध्ये सहाशे भरते, मूळ पगाराच्या बारा टक्के. तेबी त्या दहा हजारातच धरलेत. दोनशे चाळीस ग्रॅच्युइटीचे, ते पाच वर्षं टिकलो तर. एकशे साठ विम्याचे. पाचशे वर्षाअखेरी, काम बघून." त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "साडेआठातूनबी माझ्या वाट्याचा पीएफ सहाशे कापला, आन व्यवसाय कर एकशे पंचाहत्तर."

"म्हंजी बाराशे रुपये तुझेच, पण तुला भेटत न्हाईत?"

"माझेच हायेत. पण आत्ता न्हाई."

पूनमचंद डोकं धरून बसला. बापाला वाटलं लेकानं फसवलं, लेकाला वाटलं कंपनीनं. आणि कागदावर तर सगळं बराबर लिहिलेलं होतं. रूपाबाईला मात्र राग आला नाही. हा हिशोब तिला शाळेत न जाता येत होता.

"ह्यात नवं काय हाय? मुकादम टनाचा भाव सांगतो, तो ऐकायला. उचल, खाडे, समदं कापून जे हातात पडतं, ते आपलं. कागदावरच्या भावावर आमी कधी ज्वारी आणली न्हाई." मग ती लेकाकडं बघत म्हणाली, "तू तर शिकला होतास, लेकरा. मागचा कागद काहून वाचला न्हाई?"

खोली-खानावळ आणि पूजाचं हॉस्टेल वजा करून त्याच्याकडे दोनशे पंचवीस उरत होते. ते त्यानं आईपुढं ठेवले. "पूजाला घरी बोलवू का?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"तिला बोलवायचं नाव काढू नको," रूपाबाई ताडकन म्हणाली. दोन महिने ती पाय पसरून झोपली होती, आणि ते सुख तिला आवडलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूनमचंद मान खाली घालून हिरासिंगच्या दारात गेला. यादी अजून भरायची होती, एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, जागा मिळाली. पण तोऱ्याची किंमत म्हणून हिरासिंगनं उचल दोन हजारांनी कमी दिली.

संध्याकाळी रूपाबाई गुडघा दाबत उठली. तिनं कोयता उतरवला, खुंटी मोकळी झाली. भिंतीवरचं प्लास्टिकातलं पत्र तिनं त्या खुंटीला टांगलं आणि कोयत्याला धार लावायला बसली.