घर गावात, राहणं मळ्यात

माझ्या धाकट्या बहिणीला दोन घरं आहेत. एक गावात, देवळामागं, आणि एक मळ्यात, कालव्यापलीकडं. यात काही श्रीमंती नाही. आष्ट्याच्या आजूबाजूला ऊस पिकवणाऱ्या निम्म्या घरांचं असंच असतं. कुठं राहता म्हणून विचारलं, तर वर्षानुवर्षं मळ्यात राहणारा माणूसही गावाचंच नाव सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याचे देव गावातल्या घरात असतात, रेशन कार्ड तिथलं असतं, लग्नपत्रिकेवरही तोच पत्ता असतो.

आम्ही दोघी साताऱ्याकडच्या. मी लग्न होऊन इकडं आले, मागून तीही इकडंच दिली गेली, आणि इथल्याच एका छोट्या शाळेची मी पुढं मुख्याध्यापिका झाले. पहिलीला एकच तुकडी, तीस जागा. पूर्वी प्रवेश म्हणजे वशिल्याचा बाजार होता. ज्याच्या ओळखीचा माणूस मोठा, त्याचं पोर वर्गात. मला ते सहन होईना आणि माझा स्वभाव मुळातच फटकळ. संस्थेच्या लोकांशी दोन वर्षं भांडून मी नियम लिहून घेतले आणि ते फाटकावर लावले.

नियम साधे होते. वय सहा पूर्ण. शाळेला गाडी नाही, लहान पोरांनी चालत यायचं, म्हणून आधी हक्क तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा. मुलाची परीक्षा नाही, आईबापाची मुलाखत नाही. कागद पालकांच्या समोर तपासायचे आणि काय मिळालं, काय राहिलं याची यादी सही करून त्यांच्या हातात द्यायची. अर्ज जास्त आले, तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायच्या. तीस झाल्यावरही थांबायचं नाही. शेवटच्या चिठ्ठीपर्यंत काढत जायचं, आणि जसा क्रम येईल तशी प्रतीक्षा यादी. तक्रार असेल तर सात दिवसांत लेखी द्यायची, पोच घ्यायची. निकाल तिघांची समिती देणार, कारणासकट. तो पटला नाही तर वर गटशिक्षणाधिकारी.

त्या वर्षी बहिणीच्या नातवाचा अर्ज आला. कागद तपासायच्या टेबलावरून मी उठले. माझ्याऐवजी दोन शिक्षिका बसल्या. नातवाचे कागद चोख होते: जन्मदाखला, रेशन कार्ड, देवळामागच्या घराचं वीजबिल.

त्याच रांगेत एक निवृत्त सुभेदार होते, आटपाडीकडचे. नातीला आणि तिच्या आईला घेऊन शाळेजवळ भाड्यानं राहायचे. पोरीचा बाप दूर कुठल्याशा शहरात चांदी गाळायच्या धंद्यात, पोर तिकडंच जन्मलेली, जन्मदाखला नाही. लोक कुजबुजले, हिचं काय होणार नाही. पण वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला नाकारता येत नाही. अंगणवाडीच्या नोंदीवर आणि आईच्या लेखी घोषणेवर तिचा अर्ज पात्र झाला, भाडेकरार तर होताच.

चिठ्ठ्या निघाल्या. बहिणीचा नातू अठ्ठाविसावा. सुभेदारांची नात एकतिसावी, म्हणजे प्रतीक्षा यादीत पहिली. बहिणीनं सगळ्या व्हरांड्यात पेढे वाटले, सुभेदारांनाही दिला. त्यांनी तो खाल्ला आणि चौथ्या दिवशी तक्रार आणून दिली.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "ते पोरगं तुमच्या घरचं हाय, म्हाईत हाय मला. पण ते गावात ऱ्हात न्हाई. मळा पाच किलोमीटरवर हाय. नियम तुमीच लावलाय."

मला राग आला, तो लपवत नाही. सुभेदारांचा आला, बहिणीचा आला आणि स्वतःचा सगळ्यात जास्त. नियम लिहिताना मी 'राहणारा' असं लिहून मोकळी झाले होते. या मुलखात ते पुरत नाही हे मला कळायला हवं होतं. मी पोच दिली आणि समितीतून माझं नाव काढून घेतलं.

समितीत एक शिक्षिका, वरच्या वर्गातल्या मुलीची आई आणि गावातले एक जैन शेतकरी आप्पा, ज्यांच्या घरचा एकही अर्ज नव्हता. सुनावणी वर्गातच झाली, दोन्ही बाजू समोरासमोर. बहीण ठसक्यात बोलली. "घर आमचंच हाय न्हवं? सणावाराला येतो, देवाला दिवा लावतो. कागद खोटा हाय का एक तरी?"

एकही खोटा नव्हता. शिक्षिका आणि ती आई गावातलं घर बघून आल्या होत्या. कुलूप होतं. पण कुलूप तर कामाला गेलेल्या कुणाच्याही दाराला असतं. त्या दोघी अडल्या.

आप्पांनी मला आत बोलावलं. साक्ष म्हणून.

"आवं बाई," ते म्हणाले, "दिवाळीचा फराळ घेऊन तुमी बहिणीकडं जाता. कुठं जाता?"

बहीण माझ्याकडं बघत होती. लहानपणी आईनं मारायला हात उचलला की अशीच बघायची, मी मध्ये पडेन म्हणून. आणि मी दर वेळी पडले होते.

"मळ्यात," मी म्हणाले.

निकाल दोन दिवसांनी फलकावर लागला. कागद खरे आहेत, अर्जदारानं फसवणूक केलेली नाही, पण मूल रोज जिथं राहतं ते घर तीन किलोमीटरच्या बाहेर आहे. प्रवेश रद्द, जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला. 'फसवणूक केलेली नाही' हे वाक्य आप्पांनी आग्रहानं घालायला लावलं, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं दाद कशी मागायची, किती दिवसांत, हे मीच बहिणीला लिहून दिलं. तिनं तो कागद घडी न उलगडता कनवटीला खोचला आणि निघून गेली. दाद मागितली नाही. नातवाला मळ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं.

पुढच्या वर्षीच्या अर्जात मी रकाना बदलला. 'राहण्याचा पत्ता' खोडून 'मूल रोज रात्री जिथे झोपते ते घर' असं घातलं. लोक हसले. हसू देत.

पण निकालानंतर बहीण माझ्याशी बोलेना. श्रावण गेला, गणपती गेले. रस्त्यात दिसली की तोंड फिरवायची. नियम बरोबर आणि बहीण दूर, असे ते महिने मी काढले. फाटकावरचा फलक वाचताना कुणी शाळेचं कौतुक केलं की मला ते नकोसं व्हायचं.

त्याच वर्षी दिवाळीला मी डबा भरला. जावं की नको, हे ठरवण्यात सकाळ गेली. शेवटी गेले. कालवा ओलांडला, तर ती दारातच चकलीचा सोऱ्या धूत बसलेली.

"आलीस व्हय?" वर न बघता ती म्हणाली. "मला वाटलं, गावातल्या घराकडं जाशील. कुलूप बघून माघारी."

तिनं डबा घेतला, उघडला, एक करंजी मोडून तोंडात टाकली. दुसरा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"ती पोर," ती म्हणाली, "सुबेदाराची. रोज येती का गं शाळंत?"

"येते. एक दिवस चुकवत नाही."

"मग बरं झालं." तिनं हात पदराला पुसले. "जागा रिकामी ऱ्हायली असती, तर मला लय लागलं असतं."