सरळ हात

त्या आठवड्यात मी एका केळीवालीच्या हातामागे लागलो होतो. ती खरी नव्हती. येरवड्याच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, ॲनिमेशनचं काम करणारा आमचा छोटा स्टुडिओ होता. एका कार्टून मालिकेतली ही हातगाडीवाली तिथे संगणकावर उभी होती. तिच्या अंगात हाडं बसवून ती हलवायची कळसूत्रं तयार करणं, म्हणजे रिग करणं, हे माझं काम. माझा उमेदवारीचा काळ त्या शुक्रवारी संपत होता. आमचे लीड सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "केळीवाली नीट झाली तर राहा. नाही झाली तर गाव आहेच."

मला राहायचं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या कॉलेजातल्या एका सरांनी स्वतःच्या लॅपटॉपवर मला हे सॉफ्टवेअर शिकवलं होतं. त्यांना काय तोंड दाखवणार, हा विचार सतत डोक्यात असायचा.

हात दोन तऱ्हांनी हलवता येतो. एका तऱ्हेत खांदा फिरवला की कोपर आणि मनगट त्याच्यामागे जातात. हात हलवायला, हाकलायला ही बरी. तिला एफके म्हणतात. दुसरीत मनगट एका जागी ठेवायचं. खांदा आणि कोपर आपसूक जुळवून घेतात. गाडीच्या दांड्यावर हात टेकवायचा तर हीच लागते. ही आयके. तिथे कोपराचं तोंड कुठे असावं हे सांगायला कोपरामागे हवेत एक छोटा बाण असतो. मी ॲनिमेटरांसाठी मनगटाभोवती पिवळं कडं, कोपरामागे निळा बाण आणि बाजूला एक बटण बसवलं होतं. बटण दाबलं की एका तऱ्हेतला हात दुसऱ्या तऱ्हेत जायचा. अट एकच: बघणाऱ्याला ते कळता कामा नये. एका फ्रेममध्ये जरी हात दचकला तरी त्याला पॉप म्हणतात, आणि डोळा नेमका तिथेच जातो.

सोमवारी ॲनिमेटर मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. शहरातल्या जुन्या पेठेत वाढलेल्या, बोलणं मोजकं.

"तुमच्या बाईंच्या सरळ हाताला पॉप येतोय. बघून घ्या."

एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा.

आता, आमचं गाव विदर्भाच्या हिंदीकडच्या कडेला. आमच्या घरी उजव्या हाताला कोणी उजवा म्हणत नाही. सिधा हात, नाहीतर सरळ हात. जेवायचा तो सरळ. तेव्हा मॅडम काय म्हणाल्या याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

उजवा हात बिघडला असेल, हे पटण्यासारखंही होतं. डावा हात आधी करायचा आणि त्याचं आरशासारखं प्रतिबिंब घेऊन उजवा करायचा, अशी आमची पद्धत. प्रतिबिंबात दिशा उलट्या होतात. कडं एका दिशेला आणि आतलं हाड दुसऱ्या, असा फरक राहतो. तो फरक प्रत्येक बाजूचा वेगळा टिपून ठेवावा लागतो, नाहीतर बदल होताना मनगट पिळतं. मी तो पुन्हा टिपला. तपासून पाहिलं. मनगट आधी होतं तिथेच, नंतरही तिथेच. मॅडमना सांगितलं, झालं.

मंगळवारी त्या म्हणाल्या, "अजून आहे."

मी उजवा हात पाडून नव्याने बांधला. तपासताना मी बाईंना हाताची घडी घालून उभं करायचो. शाळेत दहा वर्षं 'हाताची घडी, तोंडावर बोट' ऐकलेल्या माणसाला हात म्हटलं की तीच अवस्था सुचते. घडीत हात अगदी शहाण्यासारखा वागे. बटण शंभरदा दाबलं तरी ढिम्म.

"अजून आहे," बुधवारी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नक्की काय दुरुस्त करताय?"

मी त्यांचा शॉट स्वतः उघडला. बाई गाडी ढकलतात, केळ्यांवर आलेल्या शेळीला हाकलतात, पुन्हा दांडा धरतात. मी कॅमेरा उजव्या हाताला चिकटवून शॉट पुन्हा पुन्हा पाहिला. पॉप नाही. आणि हसू नका, पण त्या हाताने शॉटभर गाडी सोडलेलीच नव्हती. दांड्यावरून न हललेला हात दचकेल कसा, हे मला समजेना. मॅडम चिडवताहेत का? की पुण्यात उमेदवाराला घरी पाठवायची हीच रीत असते?

खडकीच्या खोलीवर आलो की आईचा फोन यायचा. मी काय करतो हे तिला कधीच उलगडलं नव्हतं. तिचा एकच प्रश्न असे, "त्या बाईचा हात बरा झाला का रे?"

"पाहून राहिलो, आई."

"तेल लाव म्हणा."

गुरुवारी मी सगळं बळ एकवटून मॅडमच्या टेबलापाशी गेलो. "मॅडम, एकदा तुम्हीच दाखवाल का?"

त्यांनी शॉट चालवला. शेळी हाकलून बाईंचा हात ताठ लांब झाला, दांड्याला टेकला, आणि त्या क्षणी सगळी बाही पिळली. पुढच्या फ्रेमला कोपर उलट्या बाजूला वाकलं.

मी म्हणालो, "अहो पण मॅडम, हा तर डावा आहे!"

"मग? मी उजवा कधी म्हटलं?"

"तुम्ही सरळ म्हणालात ना."

त्यांनी स्वतःचा हात माझ्या नाकासमोर ताठ केला. "हा सरळ." कोपरात वाकवला. "हा वाकडा. यात कुठे अडलं?"

मी आमच्या घरचा सरळ हात त्यांना समजावला. त्यांनी डोक्याला हात लावला. कोणता ते मी नीट पाहून घेतलं.

जागेवर येऊन बसलो तेव्हा घोळ कळायला लागला. आयकेत येताना माझा प्रोग्राम बाणाची जागा शोधतो ती अशी: खांद्यापासून मनगटापर्यंत रेघ, त्या रेघेपासून कोपर ज्या बाजूला बाहेर आलंय त्या बाजूला बाण. हात ताठ असला की कोपर रेघेवरच येतं. बाहेर आलेलंच नसतं, मग बाजू कोणती? प्रोग्राम काहीतरी फुटकळ दिशा उचलायचा आणि बाण भलतीकडे जाऊन पडायचा. घडी घातलेल्या हाताचं कोपर कायम बाहेर, म्हणून मला हे दिसणंच शक्य नव्हतं.

कोपर बिजागरीसारखं एकाच आसाभोवती वाकतं. हात ताठ असला तरी तो आस कुठे जात नाही. मग हात जवळजवळ सरळ असेल तेव्हा बाणाची बाजू त्या आसावरून ठरवायची, असं लिहिलं. या वेळी बाईंना घडी घालू दिली नाही.

शुक्रवारी लीड सर येऊन उभे राहिले. त्यांनी डावा हात ताठ केला, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. उजवा ताठ केला, दाबलं. किंचित वाकवून दाबलं. चेहरा तसाच.

"काहीच होत नाहीये," ते म्हणाले.

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "होऊच नये ना पण."

"हं," सर म्हणाले. "सोमवारी बैल घ्या. चार पाय आहेत, शेपूट वेगळं."

ते निघाले. मला अर्थ लागेना. मी मागे गेलो. "सर, सोमवारी म्हणजे... मी?"

"मग काय बैल स्वतः करणार?"

संध्याकाळी आईचा फोन आला.

"बाईचा हात?"

"बरा झाला, आई. मी आता इथंच राहतो, पक्का."

"बरं झालं, बाप्पा! पण दुखत कोन्ता होता?"

मला हसू आलं. "सरळ हात."

"अगं माय, जेवाचा!" आई कळवळली. "मंग इतले दिवस जेवली कशी थे?"