हरणाबाईच्या वाडीचा दिवा

आमचे नानासो चुलते पलटणीत बिनतारी संदेशाचं काम करत. निवृत्त होऊन त्यांनी कुपवाडला बॅटरी दुरुस्तीचं दुकान टाकलं. चूक कबूल करायची वेळ आली की त्यांना हटकून खोकला येई.

एकोणऐंशी साली पुण्याच्या एका संस्थेनं सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या रस्त्याच्या दिव्यांचा प्रयोग काढला आणि त्यांना दोन दिवे उभे करायला दिले. एक जत तालुक्यातल्या लवणवाडीला, जिथं विजेची तारच नव्हती. दुसरा दुकानाच्या दारात, हा काकांचा हट्ट. वीस वॅटची चार पॅनेलं आणि बारा व्होल्टच्या, साठ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आल्या. संस्थेचे साहेब भाद्रपदात पाहणीला येणार होते. दिवा बंद दिसला तर तो उचलून नेणार, असं त्यांनी बजावलं होतं.

काकांनी हिशेब केला. ट्यूब आणि तिचा इन्व्हर्टर मिळून दहा वॅट, थंडीतली तेरा तासांची रात्र, म्हणजे रोजचे अकरा अँपिअर-तास. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. जतला पाऊस नाहीच, तेव्हा बिनउन्हाचे दोन दिवस धरले की खूप झाले. लवणवाडीला एक बॅटरी, दोन पॅनेलं; उरलेलं दुकानाच्या दारात.

श्रावणात लवणवाडीहून निरोप आला की दिवा विझला. आम्ही गेलो तर रस्त्यावर धूळ आणि वर काळं आभाळ. काकांनी काचेच्या नळीनं बॅटरीतलं ॲसिड तपासलं. बॅटरी पार उतरलेली होती.

वाडीतल्या हरणाबाई तिथंच मेंढरं राखत होत्या. "पाऊस कुठं पडलाय बाई?" काका त्यांच्यावरच चिडले.

"पाऊस न्हाई वो, पर आभाळ हाय. कातरायच्या आदी मेंढरं धुतली. पाच दिस झालं, ऊनच न्हाई, आतली लोकर वलीच हाय. दर सालाला आसंच आसतंय."

काका खोकले. मग तिथंच बसून त्यांनी नवा हिशेब मांडला. पावसाळ्यातली रात्र अकरा तासांची, रोजचे नऊ अँपिअर-तास, पाच रात्रींचे पंचेचाळीस. निम्मी राखायची तर नव्वद लागणार, म्हणजे बॅटऱ्या दोन. पण नुसता हौद मोठा करून भागत नाही, नळही जाड लागतो. ढगाळ उजेडात भरायचं तर तिसरं पॅनेलही हवं.

दोन्ही वस्तू आमच्या दुकानाच्या दारातल्या खांबावर होत्या. तो खांब म्हणजे काकांचा जीव की प्राण. त्यांनी स्वतः शिडी लावून त्या उतरवल्या. शालूबाई काकू म्हणाल्या, "आता आपल्या दारात काय उजळणार?"

"आपल्या दारात तार हाय," काका म्हणाले. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

उरलेल्या एका पॅनेलवर ते जुना रेडिओ ऐकत.

भाद्रपदात साहेबांना घेऊन आम्ही वाडीला गेलो. हरणाबाई खांबाखालीच मेंढरं घेऊन उभ्या होत्या. काकांनी आधी आभाळाकडं पाहिलं. मग भीत भीत विचारलं, "लोकर वाळली का?"

"ही मागं ऱ्हायलेली मेंढरं धुऊन सा दिस झालं, न्हाई वाळली," हरणाबाई म्हणाल्या. "दिवा मातुर रोज लागतोय."

काका या खेपेला खोकले नाहीत.