बिलाच्या कागदावरची मुलगी

माझे भावजी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतात. दुकान दुसऱ्याचं, दिवसभर उभं राहणं ह्यांचं. घरी कुणी चहा घेणार का विचारलं तरी आधी विचारतात, "जेवणाआधी की नंतर?" ताईला मुलगी झाली तेव्हा मी नोकरी शोधायला त्यांच्याकडे राहत होतो. पाहुण्यांना ते माझी ओळख "लग्नाचा साइड इफेक्ट" अशी करून देत.

मुलीची रोजनिशी लिहायची हे त्यांनीच ठरवलं. "दोन आठवड्यांत पोर बदलतं, आणि आपल्याला वाटतं ते पहिल्यापासून असंच होतं," असं त्यांचं म्हणणं. पण वही घेऊन बसायला सवड नव्हती. मग दुकानात गिऱ्हाईक नसलं की बिलाच्या मशीनवरच टाइप करायचे. ग्राहक: मॅडम. डॉक्टर: स्वतः. खाली दोन ओळी मजकूर, किंमत शून्य. छापलेली पट्टी शर्टाच्या खिशातून घरी यायची, ताई वाचायची, पेनने मागे काहीतरी खरडायची आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायची.

ताईची रजा संपत आली तेव्हा तिने डबा उघडला. पहिल्या आठवड्याच्या पट्ट्या पुसट झाल्या होत्या. "नाळ गळाली" एवढंच कसंबसं दिसत होतं. ती हादरली. भावजींना काही बोलली नाही, पण कामावर रुजू व्हायच्या दिवशी डबा पिशवीत घालून घेऊन गेली. तिच्या ऑफिसात ओळखपत्रांना प्लास्टिक चढवायचं मशीन आहे.

संध्याकाळी ती आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. दूध भरून आलं होतं, मुलगी माझ्या खांद्यावर रडत होती, तरी तिचं लक्ष नव्हतं. टेबलावर तिने चकचकीत प्लास्टिकमधल्या पट्ट्या मांडल्या. सगळ्या काळ्या, डांबरासारख्या.

"एकामागून एक आत सरकवत गेले," ती म्हणाली. "पलीकडे भिंतीपाशी पडत होत्या. उचलायला गेले तेव्हा बघितलं."

मी मुलीला तिच्याकडे दिलं. दुसरं काय करणार?

भावजी आले, टेबलाकडे बघत उभे राहिले. मग औषध समजावतात त्याच आवाजात म्हणाले, "ह्या कागदाला शाई नसते. ऊब लागेल तिथे तो काळा पडतो, तेच अक्षर. तू सगळीकडे ऊब दिलीस."

"मला वाचवायचं होतं हो."

"माहीत आहे."

त्यांनी एक पट्टी उचलली आणि उलटी केली. गोळ्यांची पट्टी हातात आली की मागची तारीख बघायची, तीच सवय. मागची बाजू पांढरी होती. त्यावर ताईचं निळं अक्षर: "ते हसू नव्हतं, गॅस होता. उगाच श्रेय घेऊ नका."

भावजींनी दुसरी उलटली. "आज खरंच हसली. पण तुमच्या मागे मी उभी होते."

"म्हणजे ही दीड महिन्याची," भावजी म्हणाले. मी पेन आणून दिलं. टोमण्यावरून मूळ मजकूर शोधायचं काम सुरू झालं. "टक्कल नाही, गादीवर घासून गेलेत केस. आधी आपलं बघा." "स्वतःच्या हाताकडे बघत बसते तर बसू दे. तुम्ही मोबाइलकडे बघता तेव्हा मी काही बोलते का?"

"बोलतेस की," भावजी लिहिता लिहिता म्हणाले.

पुढची होती: "दोन्ही हात फेकून दचकणारच. माणसासारखं शिंकत जा."

भावजींचं पेन थांबलं. त्यांनी मुलीकडे तोंड करून एक जोरदार खोटी शिंक काढली. तिने दूध प्यायचं थांबवून त्यांच्याकडे शांतपणे बघितलं, मग पुन्हा प्यायला लागली. हात जागचे हलले नाहीत.

"हे दचकणं कधी थांबलं?" त्यांनी विचारलं.

ताईने माझ्याकडे बघितलं, मी भावजींकडे. घरात तीन मोठी माणसं, आणि एकालाही माहीत नव्हतं. सुरू झालेलं सगळं भावजींनी टाइप केलं होतं. थांबलेलं कुणी लिहिलंच नव्हतं.

"वयानुसार जातंच ते," भावजी म्हणाले, पण आवाज काउंटरवरचा नव्हता.

शेवटी एक पट्टी उरली. मागे एकच शब्द: "खरंच?"

"हे कशाबद्दल म्हटलं होतंस?"

ताईने पट्टी जवळ घेतली. अक्षर तिचंच. तिने डोळे मिटले, उघडले. "नाही आठवत."

"मी काहीतरी मोठं लिहिलं असणार."

"तुम्हालाही नाही आठवत?"

"झोप कुठे होती तेव्हा."

मी म्हटलं, 'आजपासून लंगोट मी बदलणार' असं भावजींनी लिहिलं असेल. ताई हसली नाही.

बाकीच्या पट्ट्या आता जाड वहीत, शेजारी भावजींच्या पेनाच्या ओळींसकट. ही एक मात्र त्यांच्या पाकिटात असते. परवा दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, आणि ते ती पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून काळ्या बाजूकडे बघत होते.