साध्या शब्दांत अर्थ

इंग्रजी मला येत नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी कारंज्याच्या एका इंग्रजीच्या मास्तराशी मी भांडलो, इंग्रजीवरूनच भांडलो, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

माझी सून कारंज्यात एका दवाखान्यात आयाचं काम करते. तिला नर्सिंगला जायचं आहे. बारावी दिलेली, पण इंग्रजीत राहिली. तो एक विषय निघाला की पुढचा रस्ता मोकळा. म्हणून हायवेवरच्या खताच्या दुकानाच्या वर जो क्लास आहे, तिथं ती ड्युटी सुटल्यावर जायची. माझा मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातले आठ दिवस घरी. त्यामुळे तिचा अभ्यास घ्यायला घरात दोनच म्हातारे. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला तर मराठीही वाचता येत नव्हतं.

पण अभ्यास घ्यायची ती दुसरीच. माझी बायको.

दुपारी सून आली की बायको सूप घेऊन तूर निवडायला बसायची आणि म्हणायची, "वाच." सून वाक्य वाचायची. त्यात एक क्रियापद, पुढं रिकामी जागा. तिथं अप, ऑफ, आउट, आफ्टर यातलं कोणतं तरी शेपूट लावायचं आणि दोन्ही मिळून अर्थ काय ते साध्या शब्दांत लिहायचं. सून पहिल्यांदा रडकुंडीला आली. लूक म्हणजे पाहणं, मग लूक आफ्टर म्हणजे काळजी घेणं कसं? तेव्हा बायको सूप पाखडता पाखडता म्हणाली, "त्यात काय आहे? खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन पाह्य. तिन्ही खाणंच आहे. पण एकात पोट भरतं, एकात उरलेलं संपतं, एकात चव कळते. आपलंही तसंच हाय. तू बोलतेच की."

मी जन्मभर ते बोलत होतो, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिचा नियम एकच. अर्थ असा सांग की मला समजला पाहिजे. मला नाही समजला तर तुलाही नाही समजला. पुट ऑफ? आज नाही, मग करू. कॉल ऑफ? ठरलेलं होतं, आता होणार नाही. गिव्ह अप? प्रयत्न सोडून देणं. सून मग तेच साध्या इंग्रजीत मांडून वहीत लिहायची. गाइडात मोठमोठे शब्द होते, पण बायको ते ऐकूनच घ्यायची नाही.

दिवाळीनंतर ती गेली. पोटाचं दुखणं होतं, पुढं काय सांगायचं. तेरवी झाल्यावर सुनेनं वही ट्रंकेत टाकली. मी चार दिवस पाहिलं, मग काढून तिच्यापुढं ठेवली आणि सूप घेऊन बसलो. मला तूर नीट निवडता येत नाही, खडे राहतात. तरी बसलो.

माझ्या हातून एक चूक झाली, ती इथंच सांगून टाकतो. टेक आफ्टरचा अर्थ तिला आठवेना. मी विचारलं, आफ्टर म्हणजे काय. म्हणाली मागून, नंतर. मग मी म्हटलं, मागं मागं जाणं असेल, लिहून टाक. तिनं लिहिलं. खरा अर्थ आहे घरातल्या मोठ्या माणसावर जाणं, आईसारखं, बापासारखं असणं. बायको असती तर म्हणाली असती, समजलं नाही तर ठोकून देऊ नका.

क्लासात चाचणी झाली. दहा वाक्यं, शेपटाला एक गुण, अर्थाला एक. चौदा मिळाले तरच बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीच्या शेवटच्या तुकडीत घेणार, नाही तर पुढच्या वर्षी या. सुनेला तेरा पडले. घरी येऊन नुसती भाकरी थापत राहिली. मी पेपर मागितला आणि तिच्याकडून एकेक वाक्य वाचून घेतलं.

शेपटं नऊ बरोबर होती. एक चुकलं होतं, रन आउट, म्हणजे घरातली वस्तू संपणं. तिथं तिनं आउटऐवजी ऑफ लावलं, तर अर्थाचाही गुण गेला. टेक आफ्टरही गेलं, ते माझ्या नावावर. म्हणजे आठ अर्थ बरोबर असायला पाहिजे होते. मास्तरनं चारच धरले होते. बाकीच्या चारावर लाल फुली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत जिना चढलो. ती म्हणत होती, मामाजी, राहू द्या. मी राहू दिलं नाही.

मास्तर पोरगाच होता, पस्तिशीचा. पंधरा-वीस मुलं-मुली बाकांवर. त्यानं खुर्ची दिली, मी बसलो नाही. मी विचारलं की पुट ऑफवर फुली काऊन? तो म्हणाला, काकाजी, गाइडात पोस्टपोन आहे, यांनी नंतर करणं असं लिहिलं. बोर्डाचा तपासणारा गाइडातलाच शब्द पाहतो.

मी पेपर त्याच्यापुढं धरला. "सर, वर प्रश्न काय लिहिला आहे तो मले वाचून दाखवा. मले येत नाई."

त्यानं वाचला. मी म्हटलं, मराठीत सांगा. तो म्हणाला, योग्य शब्द निवडा आणि अर्थ साध्या शब्दांत द्या.

"मंग साधं कोणतं आहे?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मास्तर लाल झाला. म्हणाला, तुमचा अनुभव वेगळा, शिकवणं वेगळं, आणि यांनी पाठ केलं नाही हे खरं आहे. मी म्हटलं, नाहीच केलं, पाठ करायचं नाही असा आमच्या घरचा कायदा आहे, आणि कायदा करणारी आता गेली, तो बदलायला मी मोकळा नाही. तिला समजलं नसेल तर फुली मारा. टेक आफ्टरवर मारली ना, ती बरोबर मारली, ते मी चुकवलं. रन आउटवरही बरोबर. ती दोन्ही मी मागत नाही. चार मागतो.

मास्तरनं पेपर घेतला आणि सुनेकडं वळला. मला वाटलं, आता काढतो बाहेर. पण त्यानं एकेक करून चारही शब्दांचा अर्थ तिला विचारला, सगळ्यांसमोर. सून उभी राहिली. चारही सांगितले. कॉल ऑफला तर तिनं लग्नाचं उदाहरण दिलं, मांडव घातला आणि वरात आलीच नाही. पोरं हसली, मास्तरही हसला. त्यानं चार फुल्या खोडल्या आणि सतरा लिहिलं. वर म्हणाला, "मॅडम, बोर्डात दोन्ही लिहून या. गाइडाचंही आणि तुमचंही."

"लिहीन सर," सून म्हणाली. "पहिले माझं लिहीन."

मी जिना उतरलो. खरं सांगतो, मास्तर वाईट नव्हता. पण मी गेलो नसतो तर तेराच राहिले असते.

नवीन तुकडीची वाक्यं आली. परवा दुपारी तिनं नऊ वाचली आणि वही मिटली. मी म्हटलं, दहावं वाच. ती म्हणाली, ते सोपं आहे मामाजी, मी करून घेईन. मी म्हटलं, वाच. तिनं खाली पाहून वाचलं. गेट, पुढं रिकामी जागा, ओव्हर लागतं. अर्थ विचारला.

"दुःखातून बाहेर निघणं," ती हळूच म्हणाली. "पहिल्यासारखं होणं."

समजलं मला. मी म्हटलं, बरोबर आहे, लिहून टाक, गुण तुझा. पण ते मी करणार नाही.

ती लिहीत राहिली. मी सूप पाखडलं.